उजवे फुप्फुस डाव्या हाताला

सहामाहीचे पेपर तपासत होते. प्रश्न दरवर्षीचाच होता: मानवी श्वसनसंस्थेची सुबक, नामनिर्देशित आकृती काढा. एका मुलीची आकृती पाहून मी थबकले. रेषा स्वच्छ, खाडाखोड नाही, खाली शीर्षक, नावे सुवाच्य. तरी गुण कापावे लागणार होते. वर्गात पेपर दिले तेव्हा ती उठून आलीच. "बाई, चुकलंय कुठे? सगळी नावं तर दिलीत."

नावे खरोखरच सगळी होती. मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटले, "टोक नाकपुडीत ठेव आणि एकही रेष न ओलांडता फुप्फुसात जाऊन दाखव." पेन्सिल नाकातून घशात आली, घशातून खाली उतरली आणि स्वरयंत्रापाशी अडली. तिथे तिने एक आडवी रेष मारून नळी बंद केली होती. ती ओलांडू दिली, तर पुढे फुप्फुसाच्या कडेशी पुन्हा अडली. फुप्फुसाची बाहेरची रेष तिने नळीवरूनच सरळ ओढून नेली होती. म्हणजे या माणसाचा श्वास दोन ठिकाणी कोंडलेला. ती स्वतःच हसली.

ही पेन्सिलीची परीक्षा मी पुढे सगळ्यांनाच लावू लागले. श्वसनमार्ग हा मार्ग आहे, अवयवांची रांग नव्हे, हे एवढ्याने कळते. पाठांतराने आकृती काढणारी मुले नाकाचे चित्र काढतात, मग नळीचे, मग फुप्फुसांचे, आणि तुकडे एकमेकांना चिकटवतात. चिकटवलेल्या जागी रेष उरते. हवा कुठून कुठे जाते हे मनात ठेवून काढले, तर तिथे रेष येतच नाही.

पण तिच्या आकृतीतली मोठी गफलत वेगळीच होती, आणि ती समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पुस्तकातली ही आकृती दोन बाजूंनी पाहिलेल्या दोन चित्रांचा जोड असते. डोके बाजूने पाहिलेले असते, तेही मधोमध उभे कापल्यासारखे. म्हणून नाकाची पोकळी, टाळू, जीभ आणि मागचा घसा दिसतो. छाती मात्र समोरून पाहिलेली असते. वर्गात मी असे सांगते: माणूस आपल्यासमोर छाती करून बसलाय आणि मान वळवून खिडकीबाहेर बघतोय. आकृतीतले नाक कागदाच्या डावीकडे असेल, तर त्याने मान स्वतःच्या उजव्या खांद्याकडे वळवलीय.

हे चित्र डोळ्यांसमोर आले की दोन गोष्टी आपोआप सुटतात. पहिली अन्ननलिकेची. बाजूने पाहिले तर श्वासनलिका पुढे, अन्ननलिका तिच्या मागे. त्यामुळे डोक्याच्या भागात, घशाच्या तळाशी, अन्ननलिकेचा छोटा तुकडा नाकाच्या विरुद्ध बाजूला दाखवायचा आणि तिथेच तोडायचा. छातीत उतरल्यावर आपण समोरून बघतो, तिथे ती श्वासनलिकेच्या पाठीमागे लपते. बरीच मुले तिला शेजारून थेट श्वासपटलापर्यंत नेतात, मग दोन नळ्यांतली श्वासनलिका कोणती यात त्यांचाच घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट उजव्या-डाव्याची. माणूस आपल्यासमोर तोंड करून आहे, म्हणजे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला. छातीच्या एक्स-रेकडे डॉक्टर याच पद्धतीने पाहतात. फिल्मवर हृदयाची सावली पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडे झुकलेली दिसते. हृदयाचा बराचसा भाग शरीराच्या डाव्या बाजूला असतो, म्हणून डाव्या फुप्फुसाच्या आतल्या कडेला त्याच्यासाठी खाच असते. आकृतीत ही खाच कागदाच्या उजव्या बाजूच्या फुप्फुसात यायला हवी. माझ्या विद्यार्थिनीने ती कागदाच्या डावीकडे काढली होती. "डावं फुप्फुस ना बाई, म्हणून डावीकडे." तिचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, फक्त ती आरशात बघितल्यासारखा विचार करत होती.

आता प्रत्यक्ष काढू या. मापे एकदा पक्की झाली की ही आकृती फारशी चुकत नाही, आणि ती पक्की करायचा सोपा उपाय म्हणजे शरीराची खरी मापे घेऊन त्यांना चाराने भागणे. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण 11 ते 12 सेंटिमीटर लांब आणि दोनेक सेंटिमीटर रुंद असते. कागदावर ती 3 सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद. फुप्फुसांची उंची सुमारे 24 सेंटिमीटर धरली तर कागदावर 6. पूर्ण आकृती मग 12 सेंटिमीटर उंच आणि 7 ते 8 सेंटिमीटर रुंद होते. उत्तरपत्रिकेच्या पानावर ती छान बसते, दोन्ही बाजूंना नावांसाठी जागा उरते.

पानाच्या थोडे डावीकडे पट्टीने एक अगदी फिकी उभी रेष आखा, 12 सेंटिमीटरची. तिच्यावर वरून 4, 5 आणि 7 सेंटिमीटरवर बारीक खुणा करा. शून्यापासून 4 पर्यंत नाक, घसा आणि स्वरयंत्र. 4 पासून 7 पर्यंत श्वासनलिका. 5 वर फुप्फुसांची टोके सुरू होतात. म्हणजे श्वासनलिका फुप्फुसांच्या डोक्यावर उभी नसते, तिचा बराच भाग फुप्फुसांच्या मधोमध उतरलेला असतो. हे 5 आणि 7 चे गणित मुले बहुधा विसरतात. नळी पूर्ण संपल्यावर फुप्फुसे सुरू करतात, आणि मग आकृती माणसाच्या छातीपेक्षा दांडीला टांगलेल्या दोन दुधी भोपळ्यांसारखी दिसते.

डोक्यापासून सुरुवात करा. नाकाची बाहेरची रेष, नाकपुडी उघडी, आत नाकाची पोकळी, तिच्या खाली टाळूची आडवी पट्टी, टाळूखाली तोंडाची पोकळी. टाळू मागे संपतो तिथे नाकाची आणि तोंडाची पोकळी एकत्र येऊन घसा बनतो. वरच्या वर्गांच्या पुस्तकांत घशाला ग्रसनी म्हणतात. घशाच्या तळाशी पानासारखे एक छोटे झाकण असते, एपिग्लॉटिस. ते पुढच्या बाजूला, जिभेच्या मुळाकडे, जोडलेले असते आणि त्याचे मोकळे टोक वर-मागे असते. श्वास घेताना ते उभे असते, गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर झुकते. आपली आकृती श्वसनाची, म्हणून ते उभेच काढायचे. आडवे काढले की पेन्सिल तिथेच अडते.

स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या माथ्यावरची जराशी फुगीर पेटी. तिच्याखाली अर्धा सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर रेषा 7 च्या खुणेपर्यंत. या नळीवर कूर्चेच्या कड्या दाखवायच्या असतात, आणि इथे मुलांचा हात सुटतो. कोणी शिडीच्या पायऱ्या काढते, कोणी स्प्रिंग. आपला कंठमणी चाचपून बोट हळूच खाली उतरवा. खालच्या खोलगट भागात, दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मध्ये, एकाखाली एक कडक वळ्या लागतात. याच त्या कड्या, 16 ते 20 असतात. त्या इंग्रजी C अक्षरासारख्या असून मागच्या बाजूला उघड्या असतात. त्या उघड्या बाजूला लागूनच अन्ननलिका असते. आपण नळी समोरून काढतो आहोत, म्हणजे तिची उघडी बाजू आपल्याला दिसणारच नाही. म्हणून कड्या म्हणजे नळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या, किंचित वाकलेल्या छोट्या रेषा. तीन सेंटिमीटरमध्ये आठ-नऊ पुरेत. या रेषा नळीच्या भिंतीवर आहेत, आडवा पडदा नाहीत, एवढे लक्षात ठेवा. पेन्सिलीच्या परीक्षेत त्या मोजायच्या नाहीत.

7 च्या खुणेवर नळी दोन शाखांत विभागते. या शाखांना श्वसनी म्हणतात. पुस्तकातल्या छोट्या चित्रावरून मुले इथे उलटा वाय काढतात, दोन्ही पाय सारखे. खरे पाहता उजवी श्वसनी आखूड, जाड आणि जास्त उभी असते. डावी लांब, बारीक आणि तिरकी. मोठ्या माणसात उजवी सुमारे अडीच सेंटिमीटर आणि डावी सुमारे पाच. चाराने भागले की कागदावर 6 आणि 12 मिलिमीटर. उभ्या रेषेपासून उजवी साधारण 25 अंश कललेली, डावी 45 च्या आसपास. कंपास काढायची गरज नाही, डावी उजवीपेक्षा ठळकपणे आडवी दिसली की झाले. ठसका लागून शेंगदाण्यासारखे काही श्वासनलिकेत गेलेच, तर मोठ्या माणसात ते बहुधा उजव्या श्वसनीत सापडते, कारण तो रस्ता रुंद आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा असतो. हे एकदा सांगितले की मुले उजवी-डावीची अदलाबदल करत नाहीत.

आणि या दोन श्वसनींवरूनच फुप्फुसांच्या आतल्या कडा ठरतात. उजव्या फुप्फुसाची आतली कड मधल्या रेषेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर, डाव्याची सुमारे एका सेंटिमीटरवर आणि खाली खाच घेऊन आणखी आत वळलेली. साहजिकच उजवे फुप्फुस रुंद होते, डावे अरुंद. वरची टोके गोलसर निमुळती. उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन. ते फिक्या रेषांनी दाखवले तर चांगले, पण शाळेच्या पुस्तकात नसतील तर सक्ती नाही. फुप्फुसाची रेष श्वसनीपाशी आली की पेन्सिल उचला आणि नळीच्या पलीकडून पुन्हा सुरू करा. माझी विद्यार्थिनी नेमकी इथे अडकली होती.

आत गेल्यावर उजव्या श्वसनीला तीन फाटे, डावीला दोन, प्रत्येक खंडाला एक. त्यांना पुढे बारीक डहाळ्या फुटतात, त्या श्वसनिका. इथवर दुहेरी रेष चालते, पुढच्या डहाळ्या एकेरी रेषेने काढल्या तरी चालतात.

आता वायुकोश. जवळजवळ प्रत्येक वहीत फुप्फुसांच्या आत द्राक्षांचे घोस लोंबताना दिसतात, एकेक द्राक्ष वाटाण्याएवढे. वायुकोशाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. आपल्या मापाने चाराने भागला तर 0.05 मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाने उमटणारा ठिपकाही त्याहून मोठा पडतो. म्हणजे या आकृतीत वायुकोश मापात दाखवताच येत नाहीत. सूक्ष्मदर्शक हाती येईपर्यंत ते कोणाला दिसलेही नव्हते. इटलीच्या मार्चेल्लो मालपीगीने 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसातले वायुकोश आणि त्यांच्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या यांचे वर्णन छापले. म्हणून एका डहाळीच्या टोकाशी छोटे वर्तुळ करायचे, तिथून दोन रेषा बाहेर नेऊन शेजारी अडीच-तीन सेंटिमीटरचे मोठे वर्तुळ काढायचे, आणि त्यात घोस काढून खाली लिहायचे: वायुकोश, मोठे करून दाखवलेले. प्रश्नात वायुकोश मागितले नसतील तर हा खटाटोप नको, डहाळ्यांच्या टोकांना चार-सहा बारीक गोल देऊन पुढे जा. मात्र घोसांनी फुप्फुस भरून टाकले की आतल्या श्वसनिका दिसत नाहीत, आणि नाव देताना रेष कशाला टेकवायची हाच प्रश्न पडतो.

श्वासपटल शेवटी. मुले ते पट्टीने आखतात, पायपुसणे घातल्यासारखे. ते घुमटासारखे असते. श्वास घेताना स्नायू आकसून ते खाली सपाट होत जाते, पण पूर्ण सपाट होत नाही. सोडताना पुन्हा वर फुगते. आकृतीत दोन उंचवटे काढायचे, आणि उजवा डाव्यापेक्षा साधारण चार-पाच मिलिमीटर वर, कारण त्याच्याखाली यकृत आहे. आपल्या खुणांप्रमाणे उजव्या उंचवट्याचा माथा 10 सेंटिमीटरवर, डाव्याचा साडेदहावर, आणि दोन्ही बाहेरच्या कडा 12 पर्यंत उतरलेल्या. फुप्फुसांचे तळ याच घुमटावर टेकलेले, म्हणून तेही आत खोलगट. उजवे फुप्फुस त्यामुळे थोडे आखूड दिसेल. तसेच ते असते. छातीची बाहेरची रेष किंवा दोन-तीन बरगड्यांचे काप दोन्ही बाजूंना दाखवले की श्वासपटल कशाला जोडलेले आहे ते स्पष्ट होते. नाही तर ते हवेत तरंगते.

मग मधली फिकी रेष खोडून टाका. छटा देऊ नका, रंग भरू नका. पेन्सिल एचबी, एकाच दाबाची, कारण रेष पुन्हा पुन्हा गिरवली की नळीला दोन-दोन भिंती फुटतात.

नावे देणे हे वेगळे काम आहे, आणि गुण जास्त इथेच जातात. नावाची रेष पट्टीने, शक्यतो आडवी. टोकाला बाण नाही. टोक त्या भागाला टेकायलाच हवे. जवळपास येऊन थांबलेली रेष कोणाची आहे हे तपासणाऱ्याने ओळखायचे नसते. पोकळीचे नाव असेल तर टोक पोकळीच्या आत, भिंतीचे असेल तर भिंतीवर. रेषा एकमेकींना छेदू नयेत, म्हणून उजव्या बाजूला वरून खाली एकाच स्तंभात नाव लिहायचे: नाकाची पोकळी, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, डावी श्वसनी, डावे फुप्फुस, श्वासपटल. उजव्या फुप्फुसाचे आणि उजव्या श्वसनीचे नाव मात्र डावीकडच्या मोकळ्या जागेत लिहा, नाही तर रेष अख्खी छाती ओलांडून येते.

माझ्या विद्यार्थिनीने 'श्वसनिका' लिहिले होते आणि रेष मोठ्या श्वासनलिकेला टेकवली होती. श्वासनलिका, श्वसनी, श्वसनिका ही तीन नावे कानाला इतकी सारखी लागतात की घाईत पोरे एकमेकांच्या जागी लिहितात. मी त्यांना शब्द नळीच्या जाडीप्रमाणे लावायला सांगते: नलिका सर्वांत जाड आणि एकच, श्वसनी दोन, श्वसनिका असंख्य. असाच गोंधळ वायुकोश आणि पेशी यांचा होतो. फुप्फुस की फुफ्फुस यावर मात्र डोके खपवू नका. तुमच्या पुस्तकात जे छापले आहे तेच आकृतीभर एकसारखे लिहा.

त्या मुलीने आकृती घरून पुन्हा काढून आणली. नळी मोकळी होती, खाच योग्य फुप्फुसात होती, उजवी श्वसनी आखूड आणि उभी होती. मी पेन्सिल तिच्याकडेच दिली. टोक नाकपुडीतून निघाले, स्वरयंत्र पार झाले, फाट्यावर उजवीकडे वळले, फुप्फुसात सहज शिरले. ते काढून तिने ते डावीकडे फिरवले आणि मध्येच थांबली. डाव्या श्वसनीवर एका नावाची रेष आडवी गेली होती. "ही तर नावाची रेष आहे बाई," ती म्हणाली, आणि मग स्वतःच खोडरबर उचलला.